एका ओळीची रोजनिशी

रोज एकच ओळ लिहायची आणि लिहिताना आधीच्या वर्षांत त्याच तारखेला काय लिहिले होते ते समोर दिसायचे, अशी सोय असलेली रोजनिशी. छापील वहीत प्रत्येक पानावर तारीख आणि महिना असतो, वर्ष नसते. पानाचे पाच आडवे कप्पे पाडलेले असतात, वर्षाचा आकडा आपण घालायचा. अशी ३६६ पाने म्हणजे पाच वर्षांची वही. २९ फेब्रुवारीचे पान त्यात एकदा, फार तर दोनदा भरते. पहिल्या वर्षी ही वही साध्या डायरीसारखीच वागते. मागची ओळ भेटू लागते ती दुसऱ्या वर्षापासून.

मराठी घरात मात्र एक पेच येतो. वही तारखेने चालते, सण तिथीने. ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या, दहा दिवसांचा गणपती असलेल्या एका घराची वही कल्पून तिचे ७ सप्टेंबरचे पान पाहावे :

२०२१, मंगळवार : मखराचा पुठ्ठा गोखले रोडवरून आणला. गणपतीला तीन दिवस.
२०२२, बुधवार : आठवा दिवस. आरतीला डोंबिवलीची काकू आली.
२०२३, गुरुवार : दहीहंडी. स्टेशनला चालत पोचायला चाळीस मिनिटे.
२०२४, शनिवार : गणपती आले. एकवीस मोदक, तीन फुटले.
२०२५, रविवार : काल विसर्जन. घर मोकळे वाटते. रात्री चंद्रग्रहण, ढगांतून तुटक दिसले.

ओळी नमुन्याच्या आहेत, पण सण आणि वार त्या त्या वर्षी खरोखर असेच होते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने गणेश चतुर्थी दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती एकदम १९ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली, म्हणून त्या वर्षी ७ तारखेला दहीहंडीच चालू होती. वारही दर वर्षी एकाने पुढे जातो. २०२४ च्या लीप वर्षाने मधला शुक्रवार गाळला, हे पानावरच दिसते. तारीख आणि तिथी पुन्हा जुळायला साधारण १९ वर्षे लागतात : २००५ सालीही गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरलाच होती. पाच कप्प्यांच्या वहीत हा मेळ कधीच दिसणार नाही.

त्यामुळे ‘मागच्या गणपतीला किती मोदक केले होते’ हे विचारायला तारखेचे पान अपुरे पडते. उलट पहिला पाऊस, आंब्याची पहिली पेटी, ठाण्याच्या खाडीत उतरलेले फ्लेमिंगो या गोष्टी सूर्याच्या वर्षाने चालतात, आणि त्यांचे मागेपुढे होणे हे पान नेमके दाखवते. सणांसाठी सोपा उपाय म्हणजे ओळीच्या शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी मराठी महिन्यासह लिहिणे. ती अक्षरांत लिहावी. ‘शुद्ध १’ शोधले तर दशमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या ओळीही हाती येतात. ‘शुद्ध प्रतिपदा’ लिहिले की हा घोळ होत नाही.

संगणकावर ठेवायची तर एक साधी मजकूर फाइल पुरते. प्रत्येक ओळ `2024-09-07` अशा तारखेने सुरू करावी. लिनक्स किंवा मॅकवर पहिली आज्ञा आजच्याच तारखेच्या सर्व वर्षांच्या ओळी काढते, दुसरी चतुर्थीच्या :

```
grep "^....-$(date +%m-%d)" roj.txt
grep "भाद्रपद शुद्ध चतुर्थी" roj.txt
```

येथे कप्प्यांची मर्यादा नाही, १९ वर्षांचा मेळही दिसू शकतो. एक खाच मात्र आहे. २०२५ च्या ग्रहणाची खग्रास अवस्था रात्री ११ वाजता सुरू झाली आणि १२.२२ ला संपली. ते पाहून लिहायला बसलेल्याला पहिली आज्ञा ८ सप्टेंबरच्या ओळी दाखवेल. झोपेपर्यंत दिवस तोच, असा नियम धरून तारीख हाताने घालावी.

रोजनिशी बिघडते ती बहुधा दोन ठिकाणी. ‘काम खूप, दमले’ अशी ओळ वर्षभराने काहीच सांगत नाही. वरच्या पानावरचे पुठ्ठा, काकू, तीन फुटके मोदक हे शब्द मात्र तो दिवस परत आणतात. ओळीत एखादे माणूस, वस्तू किंवा आकडा हवाच. दुसरे म्हणजे जुन्या ओळी आधी वाचल्या की आजची ओळ त्यांच्याच वळणावर जाते : गेल्या वर्षी मोदक, म्हणून यंदाही मोदकच. आधीच्या कप्प्यांवर पोस्टकार्ड ठेवून आजचे लिहावे, मग ते उचलावे. राहून गेलेला दिवस आठवड्याने अंदाजाने भरू नये. कोरा कप्पाही पुढे उपयोगी पडतो. त्या दिवसांत घरी कोण आजारी होते, हे शेजारच्या पानांवरून कळते.