मशीनवरचा नफा आणि पैशावरचं व्याज

मोमिनपुऱ्यातल्या एका ओळखीच्या टेलरचाचांना भरतकामाची मशीन घ्यायची होती. त्यांनी दोन ठिकाणांहून कागद आणले होते आणि कटिंगच्या टेबलावर खडूच्या डब्याखाली दाबून ठेवले होते. पहिला कागद एका फायनान्सवाल्याचा. 60,000 रुपये कर्ज, 12 टक्के फ्लॅट दर, बारा हप्ते. दुसरा बिनव्याजी चालणाऱ्या एका पतसंस्थेचा. मशीनची खरेदी 60,000, संस्थेचा नफा 7,200, एकूण 67,200, बारा हप्ते. दोन्हीकडे महिन्याला 5,600 रुपयेच.

माझ्यासोबत आलेला मित्र दोन्ही कागद पाहून म्हणाला, "काय फरक राहिला चाचा? व्याजाचं नाव बदलून नफा ठेवलं नं!"

ही शंका रास्त आहे आणि फार जुनीही आहे. कुराणातल्या सूरह अल-बकराच्या 275व्या आयतीत ती जवळजवळ याच शब्दांत येते. व्यापारही व्याजासारखाच तर आहे, असं म्हणणाऱ्यांचा उल्लेख करून आयत सांगते की अल्लाहने व्यापार हलाल केला आणि 'रिबा' हराम केला. रिबा म्हणजे वाढ, कर्जावर ठरवून घेतलेली वाढ. आपल्याकडे धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून व्याजाला मर्यादा बांधली, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. इस्लामने मर्यादा न बांधता दारच बंद केलं. मग पैसा असलेल्या माणसाने कमवायचं कसं? तर त्याने वस्तू विकावी, भाड्याने द्यावी किंवा धंद्यात भागीदार व्हावं. कर्ज द्यायचंच असेल तर 'कर्ज-ए-हसना' द्यावं, जितकं दिलं तितकंच परत घ्यावं.

यामागचं तत्त्व फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, एका छोट्या सूत्रात आहे: जोखीम ज्याची, फायदा त्याचा. मी तुम्हाला 60,000 उसने दिले की त्या क्षणापासून ते पैसे तुमचे. हरवले, चोरीला गेले, धंदा बुडाला, तरी तुम्ही मला 60,000 देणं लागताच. माझ्या डोक्यावर त्या पैशाची कसलीच जोखीम उरत नाही, म्हणून त्यावर जास्तीचं मागण्याचा हक्कही उरत नाही. वस्तूचं तसं नसतं. ती माझ्या मालकीची आहे तोवर तिचं बरंवाईट माझ्यावर असतं, म्हणून विकताना नफा घेणं रास्त ठरतं.

चाचांच्या दुसऱ्या कागदावरच्या व्यवहाराला 'मुराबहा' म्हणतात. खरेदी किंमत आणि नफा दोन्ही उघड सांगून केलेली विक्री. त्यातलं सगळं सार पायऱ्यांच्या क्रमात आहे. आधी चाचा संस्थेला सांगतात की ही मशीन तुम्ही आणलीत तर मी घेईन. मग संस्था गांधीबागेतल्या दुकानदाराकडून ती स्वतःच्या नावाने विकत घेते. मशीन संस्थेच्या ताब्यात येते. त्यानंतरच संस्था ती चाचांना 67,200 ला उधारीवर विकते. आपल्याकडे नसलेली वस्तू विकू नये, अशी हदीस आहे, आणि हा क्रम तिच्यातून आला आहे. रोखीपेक्षा उधारीचा भाव जास्त असायला बहुतेक फकीहांची, म्हणजे या शास्त्राच्या जाणकारांची, हरकत नाही, मात्र भाव एकच हवा आणि सौदा होतानाच पक्का हवा.

सगळं सुरळीत चाललं तर दोन्ही कागदांचा शेवट सारखाच होतो. फरक दिसतो तो काही बिघडल्यावर.

समजा, दुकानातून आणताना टेम्पो उलटला आणि मशीन मोडली. कर्जाच्या कागदात नुकसान चाचांचं, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. मुराबह्यात मशीन अजून चाचांना विकलेलीच नाही, म्हणून नुकसान संस्थेचं आणि चाचांवर एक रुपयाही नाही. आता समजा, सातव्या महिन्यात चाचा आजारी पडले आणि तीन हप्ते चुकले. पहिल्या कागदानुसार थकलेल्या रकमेवर आकार चढत जातो. दुसऱ्यात किंमत 67,200 ठरली ती ठरलीच. ती वाढवली तर तीच वाढ रिबा होते, कारण विक्री झाल्यावर उरलेली रक्कम आता निव्वळ देणं आहे. त्याच सूरहची 280वी आयत सांगते की देणेकरी अडचणीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या. ऐपत असून टाळणाऱ्यासाठी अनेक संस्था दंड ठेवतात, पण ती रक्कम दानात जाते, संस्थेच्या कमाईत धरता येत नाही. जामीन किंवा तारण मात्र घेता येतं.

आता मित्राच्या शंकेकडे परत येतो, कारण ती अनेकदा खरी ठरते. संस्थेने मशीन घेतलीच नाही, चाचांच्या खात्यात 60,000 टाकले आणि कागदावर 'मुराबहा' लिहिलं, तर ते कर्जच आहे आणि 7,200 हे व्याज आहे. काही ठिकाणी संस्था गिऱ्हाइकालाच आपला वकील, म्हणजे प्रतिनिधी नेमते आणि तूच आमच्या वतीने खरेदी कर म्हणते. अटी पाळल्या तर हे चालतं, पण घसरण इथूनच सुरू होते. चाचांनी मशीन मागच्याच महिन्यात उधारीवर आणली असेल आणि आता दुकानदाराला द्यायला पैसे हवे असतील, तर मुराबहा होऊच शकत नाही. विकायला संस्थेकडे काही उरलेलंच नाही. तिथे फक्त कर्ज-ए-हसना देता येतं आणि त्यावर कारकुनीचा खरा खर्च तेवढा घेता येतो. तो 'सेवाशुल्क' रक्कम आणि महिन्यांच्या हिशेबाने वाढत असेल तर तेही व्याजच समजावं.

मोठ्या पातळीवरही हीच घसरण झाली. रोकड मिळवण्यासाठी एखादा धातू कागदोपत्री उधारीवर घ्यायचा आणि बँकेकडूनच तो लगेच रोखीने विकवून घ्यायचा, अशा ठरवून केलेल्या 'तवर्रुक'ला इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने 2009 साली नाजायज ठरवलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्या धातूला कोणी हातही लावणार नाही, त्याच्या मालकीची जोखीम कोणी घेतली म्हणायचं?

मित्राने मग विचारलं, सीताबर्डीवरच्या बँकेतच हे का मिळत नाही? कारण कायदा आडवा येतो. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम 8 बँकांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, आणि मुराबहा तर त्यावरच उभा आहे. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगला वाट द्यावी असं सुचवलं होतं. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. म्हणून आपल्याकडे हे काम पतसंस्थांसारख्या लहान ठिकाणी चालतं.

चाचांनी दोन्ही कागद पुन्हा डब्याखाली सरकवले. मी त्यांना एवढंच सांगितलं, "संस्थेत जाल तेव्हा हप्त्याचं नंतर बोला, आधी दुकानदाराचं बिल दाखवा म्हणा. बिलावर संस्थेचं नाव आणि तुमच्याशी झालेल्या सौद्याच्या आधीची तारीख पाहिजे."

"अन् बिल माझ्याच नावावर निघालं तं?"

"तर मग दोन्ही कागद एकच आहेत, चाचा."