मार्केटप्लेस की स्वतःची साइट? एका गोधडीचा हिशोब

ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या छोट्या विक्रेत्यांसाठी

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात येणारा जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो: "ॲमेझॉन-फ्लिपकार्ट एवढं कमिशन कापतात, मग आपलीच साइट काढली तर?" आम्ही दोन्ही कामं करतो. मार्केटप्लेसची खातीही सांभाळतो आणि साइटही बनवून देतो, त्यामुळे तुम्ही काहीही निवडलंत तरी आमचं बिल निघतंच. म्हणून इथे हिशोब मोकळेपणानं मांडला आहे.

उदाहरणाला कळव्यात शिवून घेतलेली बाळाची सुती गोधडी घेऊ. गिऱ्हाईक १,०५० रुपये देतं. त्यात ५ टक्के जीएसटीचे ५० रुपये, म्हणजे माल १,००० चा. खालचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कॅटेगरीचे खरे दर तुमच्या सेलर खात्यातल्या रेट कार्डावर असतात आणि ते बदलत राहतात.

मार्केटप्लेसवर काय कापलं जातं

कमिशन १२ टक्के धरलं तर १२६ रुपये. त्याशिवाय प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक फी ४० रुपये आणि दीड किलोच्या पार्सलचं शिपिंग ११० रुपये. एकूण २७६. या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ५० रुपये आणखी कापले जातात, पण तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर ते इनपुट क्रेडिट म्हणून परत वापरता येतात. मार्केटप्लेस जीएसटीपोटी आधीच कापून ठेवतं तो टीसीएस ०.५ टक्का (जुलै २०२४ पर्यंत १ होता) आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का (१ ऑक्टोबर २०२४ पासून) हाही खर्च नव्हे, तुमचेच पैसे आहेत. टीडीएस आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. टीसीएससाठी मात्र जीएसटी पोर्टलवर TDS and TCS Credit Received हा फॉर्म उघडून रक्कम मान्य करावी लागते. हे न केल्यामुळे महिनोन् महिने पैसे तिथेच पडून राहिलेले आम्ही पाहिलेत.

म्हणजे बँकेत साधारण ७१८ रुपये येतात, पण सगळे कर वळते केल्यावर तुमच्याकडे खरे राहतात ७२४. यातून कापड, शिलाई आणि पॅकिंगचा खर्च अजून जायचा आहे.

आता परत येणारा माल. शंभरातल्या आठ गोधड्या परत आल्या आणि जाण्या-येण्याचं भाडं तुमच्यावर पडलं, तर विकल्या गेलेल्या प्रत्येक गोधडीमागे उरतात साधारण ७०५. स्पॉन्सर्ड जाहिरातीचे ४० रुपये वजा केले की ६६५. हा आकडा लक्षात ठेवा.

"आमच्या प्लॅटफॉर्मवर कमिशन शून्य" असंही ऐकू येतं. मीशो २०२१ पासून विक्रेत्यांकडून कमिशन घेत नाही. ॲमेझॉननं एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच मालावरचं कमिशन काढलं. पण कमिशन शून्य झालं म्हणून शिपिंग, परतीचं भाडं आणि जाहिरात शून्य होत नाही. सेटलमेंट रिपोर्टात शेवटी किती जमा झाले, तोच आकडा खरा.

वजनाचं भाडं, आणि ते आकाराचं कसं होतं

गोधडीवाल्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, मार्केटप्लेस असो वा स्वतःची साइट. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर भाडं लावतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० नं भागायची.

गोधडी काट्यावर ८०० ग्रॅम भरते. सैल घडी घालून ३८ × ३० × १२ च्या खोक्यात टाकली तर हिशोब २.७४ किलोचा येतो आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी बिल लागतं ३ किलोचं. तीच गोधडी घट्ट दाबून ३४ × २६ × ८ च्या पाकिटात बसवली की १.४१ किलो, म्हणजे दीड किलोचं बिल. माल तोच, भाडं जवळजवळ निम्मं. पाकीट काट्यावर ठेवून टेपनं मोजतानाचा फोटो काढून ठेवा. भिवंडीच्या गोदामात कुणी माप चुकवून वाढीव भाडं लावलं तर त्या फोटोशिवाय तुमचं कुणी ऐकणार नाही, आणि वजनाची तक्रार करायला दिवसही मोजकेच मिळतात.

स्वतःच्या साइटवर

इथे कमिशन नाही म्हणून लोक खूश होतात. पण गिऱ्हाईक आपोआप येत नाही, त्याला आणावं लागतं.

शंभर ऑर्डरी धरू. साठ कॅश ऑन डिलिव्हरी, चाळीस आगाऊ पैसे भरलेल्या. सीओडीतल्या बारा घेतल्याच गेल्या नाहीत: फोन लागला नाही, किंवा दारातून "नको" म्हणून परत. ही धरलेली संख्या फार वाईट नाही, नवीन साइटवर याहून जास्तही परत येतात. पोचल्या ८८, म्हणजे ८८,००० रुपयांचा माल.

पोचलेल्यांचं कुरिअर १२० प्रमाणे १०,५६०. परत आलेल्या बाराचं जाणं-येणं २,८८०. सीओडीची फी ३५ प्रमाणे १,६८०. ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे, चाळीस ऑर्डरींच्या १,०५० वर २ टक्क्यांनी ८४०. साइटचं महिन्याचं भाडं आणि देखभाल २,५०० धरली आणि महिन्याला पन्नास ऑर्डरी आल्या, तर शंभर ऑर्डरींना ५,०००. आणि इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरात देऊन एक ऑर्डर आणायला २२० रुपये, म्हणजे २२,०००. खर्च झाला ४२,९६०. उरले ४५,०४०, म्हणजे पोचलेल्या गोधडीमागे ५१२.

मार्केटप्लेसवर ६६५, साइटवर ५१२. नवीन गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विकताना साइट महाग पडते. कमिशन वाचवायला साइट काढणाऱ्यांना आम्ही हे आधीच सांगतो, आणि काही जण त्यावर नाराज होऊन दुसरीकडे जातात.

आता तेच गिऱ्हाईक सहा महिन्यांनी परत येतं. गोधडी एका बाळाला एकदाच लागते हे खरं, पण बारशाला गोधडी देणारी मावशी, आत्या किंवा ऑफिसातली मंडळी पुन्हा पुन्हा घेतात. त्यांना तुम्ही व्हॉट्सॲपवर नवीन नक्षीचा फोटो पाठवलात आणि त्यांनी आगाऊ पैसे भरून ऑर्डर दिली. जाहिरात नाही, सीओडी नाही. १,००० मधून गेटवेचे २१, कुरिअरचे १२० आणि साइटचे ५० गेले. राहिले ८०९.

दोन्ही आकडे एकत्र मांडले तर निम्म्या ऑर्डरी जुन्या गिऱ्हाइकांच्या होतात तेव्हा साइट मार्केटप्लेसच्या बरोबरीला येते, आणि त्यापुढे पुढे जाते. म्हणून आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमचा माल माणूस परत मागतो का? मसाला, उटणं, कापडी पिशव्या, भेटवस्तू असेल तर बोलू. मोबाइलचं कव्हर असेल तर साइटवर पैसे घालू नका.

गिऱ्हाईक कुणाचं?

मार्केटप्लेसवर पाकिटावर पत्ता असतो, पण ते गिऱ्हाईक मार्केटप्लेसचं. फोन नंबर झाकलेला असतो, ईमेल मिळत नाही आणि निरोप त्यांच्याच खिडकीतून पाठवावा लागतो. पाकिटात "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या, १० टक्के सूट" अशी चिठ्ठी टाकायची हुशारी करू नका. नियमांत ते बसत नाही आणि त्यावरून खातं बंद होऊ शकतं. गोधडीच्या कडेला तुमच्या ब्रँडचं नाव शिवलेली पट्टी मात्र लावता येते. ज्याला आवडलं तो नाव शोधतोच.

साइटवर नाव, नंबर, पत्ता, काय घेतलं, कधी घेतलं हे सगळं तुमच्याकडे येतं, आणि त्यासोबत जबाबदारीही येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. आम्ही आत्तापासूनच ऑफरचे मेसेज पाठवण्याची परवानगी वेगळ्या चौकटीत घेतो, आधीच टिक केलेली नाही. "नको" म्हटलेल्याचा नंबर यादीतून लगेच काढतो. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार साइटवर तुमचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे बहुधा तुम्ही स्वतःच.

ताब्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनाच लागू. डोमेन, गेटवेचं खातं आणि साइटचा मुख्य ईमेल तुमच्या नावावर हवा. भाच्याच्या नावावर नको, आमच्याही नको. भाचा बेंगळुरूला नोकरीला गेला आणि ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर जायला लागला की साइट असून नसल्यासारखी होते. गिऱ्हाइकांची यादी दर महिन्याला उतरवून घ्या. मार्केटप्लेसवरचे रिव्ह्यू मात्र कुठेच नेता येत नाहीत, आणि खातं थांबलं की तुमचे अडकलेले पैसेही काही दिवस थांबतात.

जीएसटीचा कोपरा

ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतला विक्रेता नोंदणी न करता, फक्त एनरोलमेंट नंबर घेऊन मार्केटप्लेसवर विकू शकतो, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच. साइटवरूनही राज्यात हीच मर्यादा. ठाण्यातून सुरतेला पहिलं पार्सल पाठवायचं झालं की नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, तुमची वस्तू त्यात बसते का ते सीएंना विचारा.

आम्ही काय सुचवतो

नवीन असाल तर सहा महिने मार्केटप्लेसवरच विका. तिथून माल चालतो का, कोणता रंग जातो आणि काय परत येतं हे कळतं. दरम्यान डोमेन घेऊन ठेवा, खर्च वर्षाला हजाराच्या आसपास. साइट आधी ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठीच उघडा: प्रदर्शनात भेटलेले, सोसायटीतले, व्हॉट्सॲपवरचे. जाहिरातीला हात लावायचा तो नंतर. साइटवरचा भाव मार्केटप्लेसपेक्षा खूप खाली ठेवू नका, काही ठिकाणी त्यावरून लिस्टिंग मागे पडतं. भाव तोच ठेवून सोबत बाळाचं नाव भरून द्या. ते मार्केटप्लेसवर करणं कटकटीचं आहे.

भेटायला येताना गेल्या तीन महिन्यांचे सेटलमेंट रिपोर्ट आणि तुमच्या नेहमीच्या पॅकिंगमधलं एक पार्सल घेऊन या. टेप आणि काटा आमच्याकडे आहे.