प्रभाग समिती (वॉर्ड कमिटी) आणि नागरिकांचा सहभाग

प्रभाग समिती म्हणजे महापालिकेच्या एका भागातल्या सगळ्या नगरसेवकांची मिळून बनलेली समिती. रोजच्या बोलण्यात हिला वॉर्ड कमिटीच म्हणतात. पाणी, ड्रेनेज, कचरा, पावसाळी गटारं, फुटपाथ असल्या कामांचे निर्णय मुख्य इमारतीत न होता भागातच व्हावेत आणि तिथं राहणाऱ्यांचंही काहीतरी ऐकलं जावं, असा तिच्यामागचा विचार. पण नगरसेवकांची समिती आणि नागरिकांची समिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्यात आहे ती मुख्यतः पहिली. नागरिकाला आत शिरायला ज्या एक-दोन फटी आहेत त्यांचीच माहिती इथे जास्त दिलीय. बहुतेक उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तिथे या फटीचा वापर बऱ्यापैकी झालाय.

कायद्याची बाजू

७४वी घटनादुरुस्ती १९९२ साली झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या २४३एस या कलमात म्हटलंय की ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत. त्या कशा बनवायच्या हे मात्र राज्यांवर सोडलं, आणि तिथेच सगळा फरक पडला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपले कायदे बदलले, मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात ५०टीटी कलम आलं आणि बाकीच्या महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात २९ए.

रचना साधारण अशी: त्या भागातले सगळे नगरसेवक, त्या भागाचा अधिकारी (वॉर्ड ऑफिसर), आणि या नगरसेवकांनीच नेमलेले जास्तीत जास्त ३ जण, जे तिथं काम करणाऱ्या सामाजिक संस्थांमधले असले पाहिजेत. अध्यक्ष नगरसेवकांमधूनच दरवर्षी निवडला जातो. आता यातला "जास्तीत जास्त" हा शब्द नीट बघा. ३ पर्यंत म्हणजे शून्यही कायद्याला चालतं! शिवाय हे ३ जण कोण ते ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं तेच ठरवतात, त्यामुळे कुठे या जागा रिकाम्या राहतात, कुठे त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय म्हणून भरल्या जातात आणि वर्षानुवर्षं भागात काम करणारी एखादी संस्था बाहेरच बसते. अर्थात काही ठिकाणी खरंच चांगली माणसंही आली आहेत, पण ते नेमणाऱ्यांच्या मर्जीवर.

दुसरी अडचण आकाराची. मुंबईत काही समित्या दोन-तीन वॉर्ड मिळून आहेत, उदाहरणार्थ ए, बी आणि ई या वॉर्डांची एकच समिती, म्हणजे कुलाब्याचा फुटपाथ, डोंगरीची गटारं आणि भायखळ्याचं पाणी एकाच टेबलावर. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाच्या हद्दीत लाखांनी लोक राहतात. एवढ्या मोठ्या भागाच्या समितीला "शेजारची समिती" कोण म्हणेल.

समितीच्या हातात काय असतं

तीन गोष्टी. भागातल्या नेहमीच्या सेवांच्या तक्रारी मार्गी लावणं, आपल्या भागाच्या खर्चाचे प्रस्ताव आयुक्तांकडे जाण्याआधी बघून शिफारस करणं, आणि बजेटमध्ये तरतूद असलेल्या छोट्या कामांना मंजुरी देणं, ज्याची मर्यादा मूळ तरतुदीत ५ लाख रुपये होती. लोकांचं लक्ष पहिल्या गोष्टीकडे जातं, म्हणजे मीटिंगमध्ये जाऊन कचऱ्याची गाडी येत नाही म्हणून ओरडायचं. ते काम अॅपवर तक्रार टाकूनही होतं. खरी ताकद दुसऱ्या गोष्टीत आहे, कारण एकदा का एखाद्या कामासमोर बजेटमध्ये पैसे लिहिले गेले की ते काम "आहे", नाहीतर अधिकाऱ्याचं ठरलेलं उत्तर मिळतं, "तरतूद नाहीये".

पुण्यातलं नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक

पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. साधारण पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी क्षेत्रीय कार्यालयात आणि वेबसाइटवर फॉर्म येतात, त्यात आपल्या भागातलं एक छोटं काम लिहायचं, एका कामाची मर्यादा ५ लाख. प्रत्येक प्रभागाला एकूण किती द्यायचं त्याचीही एक मर्यादा असते, ती प्रभाग रचनेप्रमाणे बदलत गेली. फुटपाथ दुरुस्ती, बाकडी, दिवे, बसथांब्याचं शेड, सार्वजनिक टॉयलेटची डागडुजी असली कामं चालतात. नदीवर पूल हवा असं लिहिलं तर ते सरळ बाजूला पडतं, आणि खाजगी सोसायटीच्या आतलं कामही चालत नाही (हे दरवर्षी खूप जण लिहितात).

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर्वेनगरमधल्या एका शाळेसमोरचा फुटपाथ उखडलाय, मुलं रस्त्यावरून चालतात. पालकांनी फॉर्म भरला, "शाळेसमोर फुटपाथ नीट करावा". वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयातला ज्युनिअर इंजिनिअर जागेवर जाऊन माप घेतो आणि पूर्वगणनपत्रक काढतो, म्हणजे एस्टिमेट. समजा ते ७ लाख निघालं, तर काम मर्यादेबाहेर गेलं आणि यादीतून उडालं, पालकांना कळवलंही जात नाही. हेच जर त्यांनी "अमुक गेटपासून तमुक चौकापर्यंत, उजव्या बाजूचा फुटपाथ" असं नेमकं लिहिलं असतं तर लांबी कमी होऊन ५ लाखांत बसलं असतं. म्हणून जुने जाणकार सांगतात की फॉर्म भरायच्या आधी इंजिनिअरला भेटा, जागा दाखवा, आणि कामाच्या नावात सुरुवात-शेवट लिहा. ढोबळ नाव असेल तर तेच पैसे नंतर त्याच रस्त्यावर दुसऱ्या टोकाला खर्च होऊ शकतात आणि कागदावर सगळं बरोबरच असतं.

छाननी झाली की यादी प्रभाग समितीसमोर येते. इथे नगरसेवकांची मान्यता लागते आणि इथेच सगळ्यात जास्त गळती होते. कारण नगरसेवकांच्या स्वतःच्या कामांची यादी वेगळी असते, पुण्यात तिला "स" यादी म्हणतात, आणि त्यांना वाटतं की लोकांनी आमच्याकडे मागायचं सोडून थेट ऑफिसला कशाला जायचं. हा राग अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, निवडून ते आलेले असतात आणि रस्ता खराब म्हणून शिव्या पण तेच खातात. पण याचा परिणाम असा होतो की नागरिकांच्या नावाखाली नगरसेवकाच्याच माणसांनी फॉर्म भरलेले असतात, एकाच हस्ताक्षरात दहा-बारा. यादीत एका प्रभागाची सगळी कामं काँक्रीटीकरण आणि संरक्षक भिंत अशीच दिसली, की समजून जायचं.

समितीने पास केलेली यादी मग आयुक्तांच्या बजेटमध्ये जाते. ते साधारण जानेवारीच्या आसपास स्थायी समितीला सादर होतं, तिथून मुख्य सभेत, आणि १ एप्रिलपासून वर्ष सुरू. छापील अंदाजपत्रकात या कामांचा स्वतंत्र विभाग असतो, प्रत्येक कामाचं नाव, रक्कम आणि बजेट कोड. हा कोड लिहून ठेवायचा, कारण पुढची सगळी चौकशी त्याच्यावरच चालते.

पैसे कुठे जातात

बजेटमध्ये नाव आलं म्हणजे काम झालं असं समजणारे पहिल्या वर्षी फसतात. वर्षाच्या मधे कधीतरी "वर्गीकरण" होतं, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. कायदेशीर आहे, स्थायी समिती मंजूर करते. पण ज्याने काम सुचवलं त्याला कोणी फोन करून सांगत नाही. शाळेसमोरच्या फुटपाथचे साडेचार लाख डिसेंबरात दुसऱ्याच रस्त्याच्या डांबराला गेले तर पालकांना ते मार्चनंतरच कळणार, आणि ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते, पुढच्या वर्षी परत फॉर्म.

हे ओळखायचं कसं? साधं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये क्षेत्रीय कार्यालयात जाऊन त्या कोडवर टेंडर निघालं का ते विचारायचं. तोवर काहीच हालचाल नसेल तर पुढचे महिने धोक्याचे. दिवाळीनंतर स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेत वर्गीकरणाचे विषय बघायचे, त्यात आपला कोड दिसला तर विषय मंजूर व्हायच्या आधी लेखी हरकत द्यायची, नंतर देऊन उपयोग नाही. आणि काही कळत नसेल तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारायचा, या कोडवर मंजूर किती, खर्च किती, वर्ग किती. "कामाची सद्यस्थिती कळवा" असं विचारलं तर "काम प्रगतिपथावर" असं उत्तर येतं आणि महिना जातो.

समितीच नसेल तेव्हा

प्रभाग समितीची मुदत महापालिकेच्या मुदतीला बांधलेली आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची, स्थायी समिती पण तोच आणि मुख्य सभा पण तोच. या काळात नगरसेवक नव्हते म्हणून प्रभाग समित्याही नव्हत्या, आणि नेमलेले नागरिक असतील तर त्यांचंही पद त्यांच्याबरोबरच गेलं. म्हणजे लोकांचं ऐकायची सगळ्यात जास्त गरज असताना ऐकायची जागाच कायद्याने बंद झाली. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या बैठका हा त्यातल्या त्यात एक मार्ग असतो, अधिकारी समोर बसतात, लोक बोलतात, पण त्या बैठकीला काही मंजूर करायचा अधिकार नाही.

मोहल्ला कमिटी, एएलएम आणि क्षेत्र सभा

मुंबईत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एएलएम, म्हणजे अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट नावाचे रहिवाशांचे गट आले. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी गल्ली स्वच्छ ठेवायची सुरुवात केली आणि मग महापालिकेने तोच नमुना उचलला. कचरा वेगळा करणं, खत करणं, रस्त्यावर लक्ष ठेवणं यात यांनी चांगलं काम केलं. पण हे गट ऐच्छिक आहेत, बजेटवर मत द्यायचा हक्क त्यांना नाही, आणि सोसायट्यांच्या भागात ते जितके दिसतात तितके वस्त्यांमध्ये दिसत नाहीत.

क्षेत्र सभेची कल्पना याहून पुढची. नगरसेवकांऐवजी मतदारच बसणार, गावच्या ग्रामसभेसारखं, काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरं सुधारायच्या योजनेचे पैसे हवे असतील तर असा कायदा करा अशी अट होती, म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात तरतूद घातली. सभेने कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं, आणि ते प्रभाग समितीकडे जायचं. कागदावर ही साखळी छान जुळते, पण बहुतेक शहरांत सभा भरल्याच नाहीत. सभेचा अध्यक्ष तिथला नगरसेवकच ठेवलाय, म्हणजे त्याने बोलावली तर ती होणार, आणि नाही बोलावली तर त्याचं काय करायचं याचं सोपं उत्तर नागरिकाकडे नाही.