बळाचा वापर आणि सशस्त्र हल्ला: दोन्ही एकच नव्हेत

इंदूरला रामबागेत माझ्याकडे कायद्याची मुलं शिकायला येतात. बालाकोटचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं उत्तर असतं: समोरच्याने बळ वापरलं, म्हणजे आपल्यालाही मुभा मिळाली. कायदा इतकं सरळ म्हणत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळ वापरायला आणि त्याची धमकी द्यायलाही मनाई करतं. स्वसंरक्षणाचा हक्क कलम ५१ मध्ये आहे, पण तो सशस्त्र हल्ला झाल्यावरच मिळतो. बळाच्या वापरात बरंच काही येतं, सशस्त्र हल्ला म्हणजे त्यातलं सर्वांत गंभीर रूप. निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की शेजारच्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणं हा बळाचा बेकायदा वापर ठरू शकतो, पण तेवढ्याने सशस्त्र हल्ला होत नाही. अशा वेळी पीडित देश सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो, भरपाई मागू शकतो, पण स्वसंरक्षण म्हणून सैन्य घुसवू शकत नाही.

हल्ला सरकारने नव्हे, एखाद्या सशस्त्र गटाने केला तर? इथे मी मुलांना काँगो विरुद्ध युगांडा हा २००५ चा निकाल वाचायला लावते. पूर्व काँगोत दडून एडीएफ नावाचा गट युगांडावर हल्ले करत होता. युगांडाचं सैन्य आधी काँगोच्या संमतीने तिथे होतं; १९९८ च्या ऑगस्टमध्ये ती संमती संपली, तरी सैन्य हटलं नाही, उलट आत शिरत गेलं आणि किसांगानीच्या विमानतळापर्यंत पोहोचलं. युगांडा म्हणाला, हे स्वसंरक्षण. न्यायालयाला मात्र त्या हल्ल्यांमागे काँगो सरकार असल्याचा पुरावा दिसला नाही. युगांडाने आपण स्वसंरक्षण करतो आहोत असं सुरक्षा परिषदेला कळवलंही नव्हतं. कलम ५१ नुसार ते लगेच कळवावं लागतं. कलम २(४) मोडल्याचा ठपका युगांडावर आला.

खरा प्रश्न न्यायालयाने उघडाच ठेवला: सरकारचा हात नसताना गटाच्या मोठ्या हल्ल्याला उत्तर देता येतं का? सिमा आणि कूयमन्स या न्यायाधीशांनी स्वतंत्र मतांत लिहिलं की मागे राष्ट्र नाही एवढ्याच कारणाने हक्क नाकारणं योग्य नाही. २०१४ मध्ये सीरियात आयसिसवर हल्ले करताना अमेरिकेने पुढचं पाऊल टाकलं: यजमान देश गटाला रोखायला तयार नसेल किंवा त्याला ते जमत नसेल, तर कारवाई चालते. हा युक्तिवाद सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही.

मला न्यायाधीशांचं मत पटतं. पण ते मान्य केलं तरी उत्तर हल्ल्याच्या प्रमाणातच द्यावं लागतं, आणि सीमेवरचे हल्ले थांबवायला शेकडो किलोमीटर आतले विमानतळ नि शहरं ताब्यात घेणं न्यायालयालाही प्रमाणात बसणारं वाटलं नव्हतं.