आलेखातले लाख आणि एक्सेलचे मिलियन

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत सहज होऊ शकणारा एक घोळ आहे. खजिनदारांनी घरच्या लॅपटॉपवर वर्षाच्या खर्चाचा स्तंभालेख केलेला असतो. सुरक्षारक्षक 18,64,500, पाण्याचे टँकर 7,42,600, लिफ्टची देखभाल 2,15,750. सभेत मात्र फाइल दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर उघडते आणि पडद्यावर 1,864,500 झळकते. "हे एक कोटी का?" असा प्रश्न मागच्या रांगेतून आलाच म्हणून समजा.

दोष फाइलचा नाही. आकडा कसा दिसावा हे ठरवणाऱ्या `#,##0` या साच्यातला स्वल्पविराम ठरावीक जागेवर रोवलेला नसतो. "या संगणकाच्या रिवाजाप्रमाणे गट पाडा" एवढंच तो सांगतो. रिवाज कोणता, ते विंडोजच्या Region सेटिंगमधल्या Digit grouping वरून ठरतं, आणि ते सेटिंग फाइलबरोबर प्रवास करत नाही.

स्वल्पविराम साच्यातच पक्के करता येतात. स्तंभावरच्या आकड्यावर उजवी क्लिक करून Format Data Labels उघडा आणि खाली Number वर जा. तिथे Linked to source वर खूण असेल, तर लेबल मूळ सेलचा साचा जसाच्या तसा घेतं. सेलमध्ये चार दशांश दिसत असतील तर आलेखातही चार. Format Code च्या चौकटीत आपला साचा लिहून Add दाबलं, की लेबल सेलपासून मोकळं होतं.

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

उलट्या तिरप्या रेघेमुळे पुढचा स्वल्पविराम निव्वळ अक्षर होतो, त्यामुळे तो कुठल्याही लॅपटॉपवर जागचा हलत नाही. कोटी किंवा अधिक असेल तर पहिला भाग, लाख किंवा अधिक असेल तर दुसरा, बाकी सगळं तिसऱ्यात. पण एक्सेल अशा दोनच अटी मान्य करतं. तूट दाखवणारा -2,15,750 कुठल्याच अटीत बसत नाही, तिसऱ्या भागात पडतो आणि दुसऱ्या लॅपटॉपवर पुन्हा -215,750 होतो. शिवाय अट तपासली जाते ती खऱ्या किमतीवर, दिसणाऱ्या आकड्यावर नव्हे. 99,999.60 ही रक्कम लाखाच्या आत म्हणून तिसऱ्या भागात जाते, तिथे पूर्णांकात येते आणि त्या दुसऱ्या लॅपटॉपवर 100,000 अशी दिसते.

खरं तर सभेच्या पडद्यावर शेवटच्या रुपयापर्यंत आकडा हवाच कशाला? "18.65 लाख" पुरे. इथे मात्र गंमत आहे. साच्यातल्या शेवटच्या अंकानंतर स्वल्पविराम दिला की एक्सेल किमतीला हजाराने भागून दाखवतं, दोन दिले की दहा लाखाने. लाखाने भागायची सोयच नाही. तरी वाट निघते:

```
0\.00," लाख"
```

18,64,500 ला हजाराने भागून 1864.5 येतात. साच्यात खरा दशांशबिंदू नसल्यामुळे ते पूर्णांकात 1865 होतात. मग शेवटचे दोन अंक उजवीकडच्या `00` वर बसतात, उरलेले डावीकडे, आणि मध्ये रोवलेला टिंब नुसता शोभेचा. दिसतं 18.65 लाख. यात अट नाही, म्हणून तुटीचा आकडाही -2.16 लाख असा नीट येतो.

टिंब शोभेचा आहे हे विसरलं की घात होतो. दशांश एकच हवा म्हणून कुणी एक शून्य खोडलं, तर साचा `0\.0,` होतो आणि तेच 1865 आता 186.5 लाख म्हणून छापले जातात. चूक थेट दहापट, आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. या युक्तीत लाखाला दोनच दशांश मिळतात. साचा बदलला की एका स्तंभाची मूळ रक्कम सेलमध्ये पाहून ताडून घ्यावी. दहापट फरक लगेच नजरेत भरतो.

आता बेरीज. लेबलं म्हणतात 18.65, 7.43 आणि 2.16, म्हणजे 28.24 लाख. खरी बेरीज 28,22,850 आणि तिचं लेबल 28.23 लाख. एक हजार रुपये कुठे गेले? कुठेच नाहीत. साचा फक्त दिसणं बदलतो, सेलमधली किंमत नाही. तिन्ही रकमा वेगवेगळ्या वर सरकून दाखवल्या गेल्या, एकूण रक्कम मात्र एकदाच. हा फरक बुजवायला सेलमध्ये `ROUND` लावू नये, कारण मग हिशोबच बदलतो. आलेखाखाली "आकडे पूर्णांकित केल्याने बेरजेत किंचित फरक दिसू शकतो" अशी एक ओळ टाकावी आणि रुपयांतला तक्ता अहवालाला जोडावा.