दुकान, गॅरेज किंवा गोदामाची खोली भाड्याने देताय? अर्ज आणि करार नेमके कुठे अडकतात

तळमजल्यावरचा रिकामा गाळा, बंद गॅरेज किंवा जिन्याखालची साठवणुकीची खोली भाड्याने देण्याची प्रक्रिया कागदावर सोपी आहे. करार करायचा, तो नोंदवायचा, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, चावी द्यायची. तरीही महाराष्ट्रात गाळामालकांचे आणि भाडेकरूंचे कागद पुन्हा पुन्हा परत येतात. बहुतेक वेळा कारण एकच असते. लाइट बिल, घरपट्टीची पावती आणि करार या तिन्हींत जागेचे वर्णन आणि मालकाचे नाव वेगवेगळे असते.

आधी जागा तपासा

दुकान म्हणून मंजूर असलेल्या गाळ्याचा प्रश्न नसतो. अडचण गॅरेजची असते. मंजूर नकाशात 'गॅरेज' म्हणून दाखवलेली, छत आणि निदान तीन बाजूंना भिंती असलेली जागा वेगळी आणि इमारतीच्या खांबांमधली पार्किंगची जागा वेगळी. अशा पार्किंगला शटर लावले म्हणून ते गॅरेज होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे की खांबांमधली पार्किंग बिल्डरला स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही. बिल्डरने विकल्याची पावती तुमच्याकडे असली, तरी तिच्या बळावर ती जागा दुकानासाठी देऊ नका. सोसायटी तक्रार करेल, महापालिका नोटीस काढेल आणि भाडेकरूचे सामान रस्त्यावर येईल. खरे गॅरेज असले तरी तिथे गाडीऐवजी दुकान चालवणे हा वापरातला बदल आहे, त्यासाठी महापालिकेची परवानगी आधी घ्या.

विजेचेही तसेच. घरगुती मीटरवर दुकान चालले, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर म्हणून दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून सुरू झाला हे कळले नाही, तर ती तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांसाठी होते. ग्राहक म्हणून बिलावर नाव मालकाचे असते, त्यामुळे वसुलीही त्याच्याकडेच येते. चावी देण्याआधी जोडणी व्यावसायिक वर्गात बदलून घ्या.

वारलेल्या वडिलांच्या नावाचे लाइट बिल

सर्वाधिक अर्ज इथे अडतात. भाडेकरू जीएसटी नोंदणीचा अर्ज करतो, जागेचा पुरावा म्हणून करार आणि लाइट बिल जोडतो. करारात मालक म्हणून मुलगा, बिलावर वारलेले वडील, घरपट्टीवर आजोबा. अधिकाऱ्याकडून शंका येते, उत्तराला मोजके दिवस मिळतात आणि तेवढ्यात कुठलाच कागद हाती येत नाही. अर्ज नामंजूर होतो. भाडेकरू मालकावर चिडतो, कारण भाडे तर पहिल्या तारखेपासून सुरू झालेले असते.

यावर जोडकाम करत बसू नका. गाळा जाहिरातीत टाकण्याआधीच वारसांची नावे मालमत्ता पत्रकावर आणि घरपट्टीला लावा, मग त्या आधारे लाइट बिलावरचे नाव बदला. क्रम उलटा केला तर वीज कंपनी मालकीचा पुरावा मागते आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला येता. वारस तीन असतील तर करारावर तिघांच्याही सह्या हव्यात, नाहीतर दोघांनी तिसऱ्याला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावे. 'भाऊ परदेशात आहे, त्याची काही हरकत नाही' हे तोंडी सांगणे कोणत्याही कार्यालयात चालत नाही. घरपट्टीची पावती हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हेही लक्षात असू द्या.

नावे जुळली तरी पत्ता जुळत नाही. बांधकाम नकाशात 'दुकान क्र. २', घरपट्टीवर 'तळमजला, गाळा २', आणि लाइट बिलावर नुसता सर्व्हे नंबर. जागा एकच, पण कागद पाहणाऱ्याला त्या तीन दिसतात. उपाय साधा आहे. कराराच्या शेवटी जागेचे वर्णन येते, तिथे ही तिन्ही वर्णने एकाच वाक्यात लिहा: दुकान क्र. २, म्हणजेच घरपट्टी नोंदीतील गाळा २, मिळकत क्रमांक अमुक, सिटी सर्व्हे क्रमांक अमुक, वीज ग्राहक क्रमांक अमुक (महावितरणचा हा क्रमांक बारा अंकी असतो), क्षेत्रफळ इतके चौरस फूट. एवढ्या एका वाक्याने पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी नको' हा गैरसमज

स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार अजूनही सर्रास होतो. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ही समजूत आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये अशी सूट नाही. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महागात पडणारी गोष्ट पुढची आहे: वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते आणि ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. पुण्यातला एक लहान गाळा धरू. मुदत ३६ महिने, भाडे पहिल्या वर्षी दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,००० आणि परत करायची अनामत ८०,०००. तीन वर्षांचे भाडे ५,७६,००० होते. अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरतात, ते तीन वर्षांचे २४,०००. एकूण सहा लाख. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे १,५०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचे शुल्क आणि एजंटाची फी वेगळी. हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीला आहे, त्यापुढे दस्त भाडेपट्टा धरला जातो आणि शुल्क खूप वाढते.

नोंदणी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होते. आधार, पॅन, मोबाइल, फोटो, अंगठा. वयस्कर मालकांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हे ठरलेलेच. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही, तर वेळ न घालवता दस्त घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर व्हायला हवा. ही मुदत करार सुरू होण्याच्या तारखेपासून नसून सही केल्याच्या तारखेपासून मोजतात. पुष्कळांची चूक इथेच होते. नोंदणीनंतर सूची क्रमांक दोन काढून ठेवा. बँक आणि जीएसटी कार्यालय बहुधा तीच मागतात.

घराचे नियम दुकानाला लागत नाहीत

राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर भाडेकरू जात नसेल, तर मालकाला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तिथे निकाल तुलनेने लवकर लागतो. हे कलम फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकान, गॅरेज, गोदाम यांना ते लागू नाही. त्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालयात दावा करावा लागतो आणि तिथे वर्षे जातात. म्हणून करारातच ठरवा: मुदत संपल्यावर राहिल्यास दरमहा किती भरपाई, मुदतवाढ हवी असल्यास किती महिने आधी लेखी कळवायचे, जागेची एक चावी मालकाकडे राहील आणि पूर्वसूचना देऊन पाहणी करता येईल. मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडे घेत राहू नका. आणि रागाच्या भरात कुलूप बदलणे किंवा वीज तोडणे अजिबात नको. बरोबर असलेला मालकही त्यानंतर न्यायालयात कमजोर पडतो.

अनामत: परत करण्याची तारीख लिहा

'जागा सोडल्यावर अनामत परत केली जाईल' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यात केव्हा आणि किती कापून हे नाही. जागा सोडताना शेवटचे लाइट बिल हातात नसते, ते महिनाभराने येते. म्हणून असे लिहा: चावी परत करताना दोघांनी मीटरचा फोटो घ्यायचा, मागच्या तीन बिलांच्या सरासरीइतकी रक्कम रोखायची, बाकी अनामत त्याच दिवशी बँकेतून द्यायची, रोखलेल्या रकमेचा हिशेब बिल आल्यावर अमुक दिवसांत. भिंतीतली छिद्रे, फरशी, शटरचे कुलूप यांचे फोटो ताबा देतानाच काढून करारासोबत ठेवा.

रोखलेल्या रकमेला आणखी एक अट जोडा. भाडेकरू जातो, पण त्याच्या जीएसटीवर आणि गुमास्तावर पत्ता तुमच्याच गाळ्याचा राहतो. पुढच्या भाडेकरूचा अर्ज मग 'या पत्त्यावर आधीच नोंदणी आहे' या शंकेत सापडतो. पत्ता बदलल्याचा किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद दिल्यावरच ही रक्कम मिळेल, असे आधीच लिहिले तर भाडेकरूही ते विसरत नाही.

जीएसटीचा भार कोणाचा, हेही लिहा. मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर भाडेकरूने थेट सरकारला भरायचा असतो. १५,००० वर तो २,७०० होतो. कंपोझिशन योजनेतल्या भाडेकरूला १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहे. हे आधी न बोलल्याने दुसऱ्याच महिन्यात भांडणे होतात.

भाडेकरूची तपासणी

आधार-पॅनच्या झेरॉक्सवर थांबू नका. पॅनवरचे आणि आधारवरचे नाव सारखे आहे का, ते पाहा. व्यवसाय आधीपासून चालू असेल तर जीएसटी क्रमांक gst.gov.in वर टाका. नोंदणी चालू आहे की रद्द, आणि कोणाच्या नावावर, ते लगेच दिसते. आधीच्या गाळामालकाशी फोनवर बोला आणि एकच विचारा: लाइट बिल वेळेवर भरत होता का?

साठवणुकीच्या खोलीसाठी मालाची यादी करारात हवी. 'किरकोळ सामान' लिहिले की त्यात थिनर, गॅस सिलिंडर, फटाके काहीही येऊ शकते. वर लोक राहतात. ज्वलनशील माल ठेवणार नाही, ही अट शब्दांत लिहा आणि पाहणीचा हक्क खरेच वापरा.

पोलिसांना माहिती द्यायचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. अनेक शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी तसे आदेश काढतात, ते मोडल्यास मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. 'दुकान आहे, घर नाही' म्हणून हे टाळू नका. रात्री गाळ्यात कामगार झोपत असतील, तर त्यांचीही नावे द्या आणि पोचपावती करारासोबत जपून ठेवा.