टर्बिनेट: कापण्यापासून जपण्यापर्यंत

नाकातला शेंबूड मेंदूतून झिरपतो, ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून सुमारे दीड हजार वर्षे टिकली. ती मोडून काढली विटेनबर्गच्या कॉन्राड व्हिक्टर श्नायडर यांनी. हा स्राव नाकाच्याच अस्तरातून येतो, असे त्यांनी 1660 मध्ये मांडले. या अस्तराचा मोठा भाग पसरलेला असतो तो टर्बिनेटवर. नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवरून आत डोकावणाऱ्या या तीन वळणदार घड्या. त्यांत खालची सर्वांत मोठी.

या घड्यांमुळे हवेची वाट अरुंद होते आणि हवेचा जवळपास प्रत्येक थर ओलसर, उबदार अस्तराला घासून जातो. 20 अंश सेल्सिअसची, 50 टक्के आर्द्रतेची हवा लीटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम पाणी आणते. फुप्फुसात ती 37 अंशांना पोहोचते तेव्हा तिच्यात 44 मिलिग्रॅम असते. मधले 35 मिलिग्रॅम श्वसनमार्गाच्या अस्तरातून येतात, आणि त्यांतला मोठा वाटा नाकाचा. दिवसाला 10,000 लीटर हवा धरली, तर हे पाणी साडेतीनशे मिलिलीटर भरते. श्वास सोडताना त्याचा साधारण चौथा हिस्सा थंड झालेल्या अस्तरावर परत साचतो. वळणांवर हवा दिशा बदलते, जड धूलिकण मात्र सरळ जाऊन चिकट स्रावात अडकतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे सरकवत राहतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाक चोंदले की खालचा टर्बिनेट सरळ कापून टाकण्याची पद्धत रुजली. वाट मोकळी केली की श्वास सुधारेल, हा विचार वरवर पटण्यासारखाच होता. पण त्याच सुमारास, 1895 मध्ये, रिचर्ड कायझर यांनी दाखवले की निरोगी नाकातही दोन्ही बाजूंचे टर्बिनेट काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात. म्हणजे प्रत्येक फुगवटा हा आजार नव्हे. माझ्या मते ही गोष्ट शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी फार उशिरा मनावर घेतली.

त्याची किंमत काही रुग्णांनी मोजली. नाक आतून ऐसपैस, सीटी स्कॅनमध्ये कुठेही अडथळा नाही, तरी रुग्ण म्हणतो, ‘श्वास पुरत नाही.’ सोबत कोरडेपणा आणि खपल्या. मेयो क्लिनिकचे युजीन केर्न आणि मोनिका स्टेनक्विस्ट यांनी 1994 मध्ये या अवस्थेला ‘एम्प्टी नोज सिंड्रोम’ हे नाव दिले. हवा आत येत असल्याची जाणीव होते ती अस्तराला लागणाऱ्या गारव्यातून. अस्तरच गेले, की हवा वाहते पण मेंदूला तिची खबर पुरेशी पोहोचत नाही. टर्बिनेट काढलेल्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही, आणि कोणाला होईल हे आधी नेमके सांगता येत नाही.

निदानासाठी कापलेल्या टर्बिनेटच्या जागी ओला कापूस 20-30 मिनिटे ठेवून पाहतात. वाट आणखी अरुंद होऊनही रुग्णाला बरे वाटले, तर संशय बळावतो. आता औषधांनी भागले नाही तर अस्तर शक्यतो शाबूत ठेवून त्याखालचे मांसल ऊतक किंवा हाड तेवढे कमी करण्यावर भर असतो.